कायमस्वरूपी बंद झालेल्या खात्यानंतर: वेळासच्या एका घरगुती निवासाचा अनुभव

मंडणगड तालुक्यातील वेळास येथे फेब्रुवारी ते एप्रिल या काळात ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी पुण्या-मुंबईहून लोक येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 मध्ये येथे घरट्यांच्या संरक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे येणाऱ्या पाहुण्यांनी गावकऱ्यांच्याच घरी राहावे, जेवावे अशी घडी बसत गेली. माझ्या मामांचे घर त्या घरांपैकी एक आहे. त्यांची बहुतेक नोंदणी एका मोठ्या समाजमाध्यमावरील खात्यातून होत असे आणि ते खाते मामेभाऊ सांभाळत असे. 2024 च्या मार्चमध्ये, हंगाम ऐन भरात असताना, ते खाते कायमचे बंद करण्यात आले. दापोलीत माझे ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे दुकान असल्यामुळे पुढचा सगळा पत्रव्यवहार मी केला. तो करताना जे नीट समजले ते येथे लिहितो आहे, कारण किनाऱ्यावरच्या अनेक घरगुती निवासांचा, आंबेवाल्यांचा आणि बोटवाल्यांचा धंदा आज अशा एकाच खात्यावर उभा आहे.

खाते बंद होण्याचे कारण प्रथम पाहिले पाहिजे, कारण नवे खाते का टिकत नाही याचे निम्मे उत्तर त्यातच आहे. मामेभावाने एक जाहिरातपत्रक तयार केले होते. पार्श्वभूमीला घरट्याजवळ टोपल्याखालून बाहेर आलेल्या पिल्लांचे जवळून काढलेले छायाचित्र होते, त्यावर ठळक अक्षरांत प्रति व्यक्ती दर होता, त्याखाली मोबाइल क्रमांक होता आणि आगाऊ नोंदणीसाठी संपर्क साधण्याची विनंती होती. दर राहण्या-जेवणाचा होता, पण तसा उल्लेख अगदी तळाशी, बारीक अक्षरांत होता. ऑलिव्ह रिडले हे कासव 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे आणि संरक्षित प्राण्यांच्या विक्रीचा मजकूर मोठ्या माध्यमांवर पूर्णतः निषिद्ध असतो. संरक्षित प्राण्याचे चित्र, त्यावर किंमत आणि शेजारी फोन क्रमांक अशी मांडणी संगणकीय तपासणीला विक्रीची जाहिरात वाटली तर त्यात नवल नाही.

एवढ्यावर एखादी पोस्ट काढली गेली असती. परंतु तेच पत्रक भटकंतीच्या कितीतरी समूहांत टाकलेले होते. एखादे चित्र एकदा निषिद्ध ठरले की या यंत्रणा त्याचा अंकीय ठसा साठवतात आणि तो ठसा असलेली प्रत्येक प्रत शोधून काढतात. चित्र थोडे कापले, लहान केले किंवा त्याचा रंग फिका केला तरी ठसा पुष्कळसा तसाच राहतो. त्यामुळे एका पत्रकाच्या सगळ्या प्रती एकाच वेळी सापडल्या, प्रत्येक प्रत स्वतंत्र उल्लंघन म्हणून मोजली गेली आणि खाते एका रात्रीत सर्वांत वरच्या शिक्षेपर्यंत पोहोचले. मामेभावाने त्याच सकाळी समोर आलेले अपिलाचे बटण दाबून चेहऱ्याची पडताळणी करून दिली, पण सोबत एकही कागद जोडला नाही, कारण त्या पडद्यावर कागद जोडण्याची सोयच नव्हती. दुपारपर्यंत उत्तर आले की निर्णय कायम असून त्याचा पुन्हा विचार होणार नाही.

हंगामाचे दिवस होते आणि शनिवार-रविवारच्या खोल्या भरायच्या होत्या. मामेभावाने मामींच्या नावावरील सिमकार्ड घेतले, नवा ईमेल पत्ता उघडला आणि आपल्याच मोबाइलवर नवे खाते सुरू केले. नाव तेच ठेवून पुढे फक्त "नवीन" असा शब्द जोडला, घराच्या ओटीचे तेच छायाचित्र लावले, परिचयात नोंदणीसाठी मामांचा तोच क्रमांक दिला आणि जुन्या पाहुण्यांना एकामागून एक विनंत्या पाठवल्या. संध्याकाळपर्यंत ते खाते गेले. त्याने शेजाऱ्याच्या फोनवर, शेजाऱ्याच्या वायफायवर, दुसऱ्या क्रमांकाने आणखी एक खाते उघडले. ते थोडे अधिक टिकले, पण पहिल्या मोठ्या पोस्टनंतर तेही गेले आणि त्याबरोबर शेजाऱ्याच्या स्वतःच्या, वर्षानुवर्षांच्या खात्यालाही ओळखपत्र दाखवून पडताळणी करून घेण्याची सूचना आली. तेव्हा मामांनी मला फोन केला.

"अरे, यात त्याने कासवाचा फोटोसुद्धा टाकला नव्हता. नुसती घराची ओटी आणि उकडीचे मोदक होते. मग हे कशासाठी बंद केले?" मामांचा प्रश्न रास्त होता आणि तोच या विषयाचा गाभा आहे.

दुसरे खाते त्यावरील मजकुरासाठी बंद होत नाही. या माध्यमांच्या सेवाशर्ती नीट वाचल्या तर असे दिसते की कायमस्वरूपी बंदी ही खात्यावर नसून ते चालवणाऱ्या व्यक्तीवर असते. खाते काढून टाकल्यावर त्या व्यक्तीने कंपनीच्या परवानगीशिवाय दुसरे खाते उघडू नये अशी अट खाते सुरू करतानाच आपण मान्य केलेली असते. म्हणून नव्या खात्यावर काय लिहिले आहे हे तपासण्याची गरजच उरत नाही. ते त्याच व्यक्तीचे आहे एवढे ठरले की उल्लंघन पूर्ण झाले. मजकूर तपासताना संदर्भ पाहावा लागतो, भाषा समजून घ्यावी लागते, कधी माणसाकडे प्रकरण पाठवावे लागते; येथे यातले काहीच लागत नाही. म्हणूनच पहिले खाते बंद होण्यास एका पत्रकाच्या कितीतरी प्रती लागल्या आणि दुसरे काही तासांत गेले.

ते त्याच व्यक्तीचे आहे हे कसे ठरते, याबद्दल गावात पुष्कळ गैरसमज आहेत. सगळ्यांत मोठा गैरसमज म्हणजे सिमकार्ड बदलले की माणूस नवा होतो. प्रत्यक्षात मोबाइल क्रमांक हा अनेक खुणांपैकी फक्त एक असतो. ज्या यंत्रावर ॲप उघडले त्याची स्वतःची ओळख असते, ब्राउझरमध्ये आधीच्या प्रवेशाच्या नोंदी राहिलेल्या असतात, ॲपला संपर्कयादी पाहण्याची परवानगी दिली असेल तर ती यादी आधीच्या खात्याच्या यादीशी जुळते, जाहिरातीसाठी वापरलेले कार्ड किंवा बँकखाते तेच असते, परिचयातला फोन क्रमांक आणि संकेतस्थळाचा दुवा तोच असतो, छायाचित्रांचे ठसे तेच असतात. याशिवाय वागण्याची एक पद्धत असते. खाते उघडल्यावर पहिल्या तासात कोणाकोणाला विनंत्या गेल्या ही यादी बहुधा सगळ्यांत बोलकी ठरते. वेळासमधील एका घराचे जुने पाहुणे पुणे, ठाणे, नाशिक, कोल्हापूर अशा वेगवेगळ्या ठिकाणचे आणि एकमेकांना अनोळखी आहेत. त्या सर्वांना एकाच दिवशी ओळखणारे नवे खाते त्या घराचेच असणार, हे कोणीही सांगू शकेल.

यांपैकी एकच खूण जुळली म्हणून सहसा कोणाचे खाते बंद होत नाही, आणि हेही समजून घेणे आवश्यक आहे. मामांच्या घरचे वायफाय येणारा प्रत्येक पाहुणा वापरतो, तरी कोणा पाहुण्याचे खाते गेले नाही. मोबाइल इंटरनेटवर तर एकाच सार्वजनिक पत्त्यामागे एकाच वेळी असंख्य ग्राहक असू शकतात, म्हणून केवळ त्या पत्त्यावरून माणूस ठरवता येत नाही. या खुणांना कमी-अधिक वजन दिलेले असते आणि त्यांची बेरीज एका मर्यादेपलीकडे गेली की कारवाई होते. पहिल्या नव्या खात्यात यंत्र, छायाचित्र, नाव, फोन क्रमांक आणि ओळखीची माणसे हे सगळेच जुळत होते. दुसऱ्या खात्यात यंत्र आणि वायफाय वेगळे होते, म्हणून ते काही काळ टिकले. पण घराचे तेच छायाचित्र आणि मामांचाच क्रमांक असलेली पोस्ट टाकताच उरलेली बेरीज भरली. शेजाऱ्याकडे पडताळणीची सूचना का आली हेही यावरून कळते, कारण त्या यंत्रावर आता दोन खाती होती आणि त्यांतले एक बंदी असलेल्या माणसाचे ठरले होते.

कंपनी कोणत्या खुणेमुळे खाते ओळखले हे कळवत नाही. सूचनेत केवळ शर्तीचे नाव असते. काही जणांना हा अन्याय वाटतो, पण त्यामागचे कारण मला पटते: खुणा सांगितल्या तर फसवणुकीचा धंदा करणारे त्या टाळायला शिकतील, आणि ही यंत्रणा मुळात त्यांच्यासाठीच उभी आहे. खोटी तिकिटे विकणारे, समुद्रकिनाऱ्यावरील बंगल्यांचे चोरलेले फोटो दाखवून आगाऊ पैसे घेणारे लोक खाते गेले की त्याच दिवशी दुसरे उघडतात. गेल्या काही वर्षांत दापोली, गुहागर भागातील खऱ्या मालकांना अशा खोट्या पानांचा किती त्रास झाला हे मी माझ्या दुकानात बसून पाहिले आहे, म्हणून नवे खाते झटपट काढणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध माझी तक्रार नाही. आमची तक्रार पहिल्या निर्णयाविरुद्ध होती आणि ती तेथेच मांडली पाहिजे असे माझे मत झाले.

नव्या खात्याने आणखी एक नुकसान केले, जे मामेभावाला त्या वेळी दिसले नव्हते. पहिला आरोप चुकीचा होता आणि तो कागद दाखवून खोडता येणार होता. बंदी असताना नवे खाते उघडल्याचा दुसरा आरोप मात्र खरा होता. पुढे कंपनीच्या उत्तरात तो स्वतंत्र कारण म्हणून आलाच. शिवाय प्रत्येक नव्या खात्याने त्या व्यक्तीशी जोडलेल्या खुणांचा संच वाढतो: मामींचे सिम, शेजाऱ्याचे यंत्र, नवा ईमेल हे सगळे आता त्या बंदीशी बांधले गेले होते. म्हणून मी प्रथम मामेभावाला एवढेच सांगितले, "आता काही नवे उघडू नकोस. जे काही अर्धवट चालू असेल ते तू स्वतःच बंद कर आणि त्याचा स्क्रीनशॉट मला पाठव." एका तिसऱ्या, अजून न वापरलेल्या खात्याची नोंदणी त्याने करून ठेवली होती; ते त्याने स्वतः हटवले आणि तसे आम्ही पुढे लेखी कळवले.

या दरम्यान एका "खाते परत मिळवून देणाऱ्या" व्यक्तीचा फोन आला. त्याने काही हजार रुपये, आधारची प्रत आणि येणारा ओटीपी मागितला. कंपनीच्या बाहेरील कोणालाही बंद खाते उघडता येत नाही. ओटीपी दिल्यावर उरलेली ईमेल आणि बँकेची खातीही हातची जातात. मामांनी फोन ठेवला आणि तो क्रमांक राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन 1930 वर कळवला.

आता वैध मार्गांविषयी. ॲपमधील अपील संपले होते, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या व्यवस्थेत करण्यासारखे काही उरले नव्हते. पण भारतात माहिती तंत्रज्ञान नियम, 2021 प्रमाणे प्रत्येक माध्यमाने तक्रार अधिकारी नेमून त्याचे नाव व संपर्क आपल्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर ठळकपणे द्यावे लागते. त्या वेळच्या नियमानुसार या अधिकाऱ्याने तक्रारीची पोच 24 तासांत द्यायची आणि 15 दिवसांत ती निकाली काढायची होती. हा अधिकारी ॲपमधल्या मदतीच्या पानांपेक्षा वेगळा असतो. पुष्कळ जण मदतीच्या पानावरील अर्जच पुन्हा पुन्हा भरत राहतात आणि प्रत्येक वेळी तोच ठरावीक मजकूर परत येतो. ती तक्रार नियमांखालील तक्रार धरली जात नाही आणि तिच्यावर पुढे अपीलही करता येत नाही.

तक्रार लिहिताना मी ती एका पानाच्या बाहेर जाऊ दिली नाही. वर खात्याचे नाव, नोंदणीकृत ईमेल, मोबाइल क्रमांक, बंदीची तारीख आणि ॲपमधील अपिलाच्या उत्तराचा संदर्भ दिला. त्यानंतर हे घर काय विकते हे सरळ सांगितले: राहण्याची जागा आणि जेवण. पत्रकातील दर त्याचा आहे हे दाखवण्यासाठी मामांच्या पावतीपुस्तकातील त्याच दराच्या पावत्या जोडल्या, ज्यांवर दोन दिवसांचा मुक्काम, नाष्टा आणि दोन वेळचे जेवण असे मामींच्या अक्षरात लिहिलेले होते. निवास व न्याहारी योजनेतील नोंदणीचे प्रमाणपत्र, उद्यम नोंदणी, अन्नसुरक्षा नोंदणी आणि ग्रामपंचायतीचे पत्र जोडले. ग्रामपंचायतीच्या पत्राने सर्वांत जास्त काम केले असे मला वाटते, कारण त्यात घरट्यांचे संरक्षण कोण करते, पिल्ले पाहुण्यांच्या हाती दिली जात नाहीत आणि ती पाहण्याचा कार्यक्रम कसा चालतो हे गावाच्या वतीने लिहिलेले होते. परदेशात किंवा बंगळुरूत बसून हे प्रकरण वाचणाऱ्या माणसाला कासव महोत्सव म्हणजे काय हे ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याला ते कळेल असे गृहीत धरणारी तक्रार तेथेच पडते.

तक्रारीचा अखेरचा परिच्छेद नव्या खात्यांविषयी होता. कोणती खाती उघडली, ती कोणी उघडली, त्यांवर काय टाकले होते आणि राहिलेले खाते आम्ही स्वतः कधी हटवले हे सर्व लिहिले. मामेभावाला ते लिहू नये असे वाटत होते. "दादा, हे आपणच कबूल केले तर तेच कारण धरून ते नाही म्हणतील." मी त्याला समजावले की ती माहिती कंपनीकडे आधीच आहे, आपल्या तक्रारीत ती नसेल तर आपण ती लपवली असा अर्थ होईल. मागणीही मी मोजकी ठेवली: बंदीचा मूळ निर्णय माणसाने संदर्भ पाहून तपासावा, आणि तो कायम राहणार असेल तर कोणत्या पोस्टमुळे हे कळवावे. ती वाक्ये सुबोध इंग्रजीत लिहिली आणि मराठी कागदांच्या बाजूला त्यांचा इंग्रजी सारांश जोडला.

पोच वेळेत आली. मुदतीच्या आत उत्तरही आले, पण ते प्रतिकूल होते. त्यात संरक्षित प्राण्यांच्या विक्रीविषयीचे उल्लंघन आणि बंदी चुकवण्याचा प्रयत्न ही दोन कारणे दिली होती, आणि जोडलेल्या कागदांविषयी एक शब्द नव्हता. मामांना तेथेच सोडून द्यावे असे वाटले. मला मात्र हे उत्तर उपयोगाचे वाटले, कारण पुढच्या पायरीसाठी तक्रार अधिकाऱ्याचा निर्णय हातात असावा लागतो आणि आता तो होता.

पुढची पायरी म्हणजे तक्रार अपील समिती. केंद्र सरकारने 2022 मध्ये नियमांत दुरुस्ती करून ही तरतूद आणली, जानेवारी 2023 मध्ये अशा तीन समित्या नेमल्या आणि मार्च 2023 पासून त्यांचे पोर्टल सुरू झाले. प्रत्येक समितीवर एक अध्यक्ष आणि दोन पूर्णवेळ सदस्य असतात. तक्रार अधिकाऱ्याचे उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत अपील करावे लागते, आणि समितीने ते 30 दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असे नियम सांगतो. सगळे काम gac.gov.in या पोर्टलवर होते. मुंबईला किंवा दिल्लीला जावे लागत नाही, वकील लागत नाही, आणि आम्हाला शुल्कही भरावे लागले नाही. मंडणगडच्या माणसासाठी ही गोष्ट लहान नाही. उच्च न्यायालयात रिट याचिका करण्याचा मार्ग खुला असतो, परंतु खासगी कंपनीविरुद्ध ती चालेल की नाही यावरच आधी वाद होतो आणि तो खर्च चार खोल्यांच्या घराला झेपणारा नसतो.

समितीसमोर काय मांडावे यात लोक चुकतात असे मी नंतर इतरांचे अर्ज भरताना पाहिले. आपले किती नुकसान झाले, किती अनुयायी गेले हे ते विस्ताराने लिहितात. समितीपुढचा प्रश्न तो नसतो. तक्रार अधिकाऱ्याचा निर्णय बरोबर होता का, एवढाच तो असतो. म्हणून आमच्या अपिलात मी दोन मुद्दे घेतले. पत्रक निवासाचे आहे हे दाखवणारे पुरावे तक्रारीसोबत दिले होते आणि उत्तरात त्यांचा विचार केलेला नाही, हा पहिला. नवी खाती उघडल्याचे आम्ही स्वतः कळवले आहे, त्यांतले राहिलेले आम्ही हटवले आहे, त्यांवर निषिद्ध काहीच नव्हते, आणि मूळ बंदीच चुकीची ठरली तर ती चुकवल्याचे कारण स्वतंत्रपणे उभे राहत नाही, हा दुसरा. मूळ तक्रार, तिची पोच, उत्तर आणि तेच कागद त्याच क्रमाने जोडले. नवा पुरावा एकही घातला नाही, कारण ज्या कागदावर आधीच्या अधिकाऱ्याने निर्णयच दिलेला नाही त्यावरून त्याला चूक ठरवणे कठीण जाते.

हे चालू असताना हंगाम थांबणार नव्हता आणि खोल्या रिकाम्या ठेवणे परवडणारे नव्हते. येथे एक सीमा आम्हाला नीट आखून घ्यावी लागली. गावाच्या समितीचे त्याच माध्यमावर आधीपासून सामाईक पान होते आणि त्यावर सगळ्या घरांचे फोन क्रमांक दिलेले असत. त्यात मामांचाही क्रमांक होता. तो राहू देण्यात काही गैर नव्हते, कारण ते पान समितीचे होते आणि समितीच चालवत होती. परंतु त्या पानाचे व्यवस्थापन मामेभावाकडे देण्याची सूचना एका सदस्याने केली, तेव्हा मी ती स्पष्टपणे नाकारायला सांगितली. बंदी असलेल्या माणसाने दुसऱ्याच्या पानाचा कारभार हाती घेणे ही बंदी चुकवण्याचीच रीत धरली जाते, आणि त्यात समितीचे पान आणि त्यावर अवलंबून असलेली सगळी घरे अडचणीत आली असती. घरातल्या दुसऱ्या माणसाच्या नावाने खाते काढण्याबाबतही हेच आहे. मामींचे स्वतःचे, स्वतःच्या मैत्रिणींसाठीचे खाते हे मामींचे खाते आहे. त्यावरून त्याच खोल्यांची नोंदणी मामेभाऊ घेऊ लागला तर ते त्याचेच खाते ठरते.

बाकीचे मार्ग त्या कंपनीच्या बंदीखाली येतच नव्हते. पाहुण्यांच्या नोंदवहीत मागील हंगामांतील लोकांचे क्रमांक होते. मामींनी ती वही घेऊन बसून एकेकाला फोन केला. वेळास-बाणकोटकडे येणारे लोक नकाशावर शोधतात, म्हणून नकाशातील नोंद अद्ययावत केली. एक साधे, चार पानांचे संकेतस्थळ स्वतःच्या नावाच्या डोमेनवर सुरू केले. बंद खात्यातील माहितीची प्रत मिळण्याची सोय लॉगिनच्या पडद्यावर होती. ती मामेभावाने पहिल्याच आठवड्यात मागवली आणि त्यामुळे मागील पाहुण्यांनी लिहिलेले अभिप्राय व आमची स्वतःची छायाचित्रे हाती राहिली. खाते कायमचे नष्ट करण्याची मुदत उलटल्यावर ही प्रत मिळत नाही, म्हणून कोणाचेही खाते बंद झाले की मी आता अपिलाच्याही आधी हे करायला सांगतो.

अपील दाखल झाल्यावर समितीने कंपनीचे म्हणणे मागवले. समितीचा आदेश येण्याआधीच कंपनीने कळवले की प्रकरण पुन्हा तपासले असून खाते पूर्ववत करण्यात येत आहे. मे महिन्यात, पाहुण्यांची वर्दळ ओसरल्यावर, ते उघडले. ज्या पत्रकावरून हे सुरू झाले त्याच्या सर्व प्रती काढलेल्याच राहिल्या आणि त्या परत मागण्याचा आग्रह आम्ही धरला नाही. नवीन पत्रकात मामेभावाने दर आणि फोन क्रमांक घराच्या ओटीच्या आणि ताटाच्या छायाचित्रावर ठेवले; पिल्लांची छायाचित्रे वेगळ्या पोस्टमध्ये, गावाच्या संरक्षणकार्याच्या माहितीसह, किमतीशिवाय आणि क्रमांकाशिवाय जातात. या दोन गोष्टी एका चौकटीत न आणण्याची सूचना आता गावाच्या समितीच्या पानावरून सगळ्या घरांना दिलेली आहे.

सगळ्यांचेच खाते असे परत मिळत नाही. ज्याने खरोखर निषिद्ध वस्तू विकली, ज्याने लोकांचे पैसे बुडवले किंवा ज्याच्याकडे दाखवायला कागद नाहीत, त्याचा निर्णय अपील समितीपुढेही कायम राहू शकतो. तसे झाल्यास उरणारी वैध वाट एकच दिसते: त्या माध्यमाला लेखी विचारावे की पुन्हा खाते उघडण्याची परवानगी काही काळानंतर देता येईल का, आणि ती मिळेपर्यंत तेथे स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या नावाने काहीही उघडू नये. काही माध्यमांवर अशी विनंती विचारात घेतली जाते, काहींवर नाही, आणि नाही म्हटल्यास व्यवसाय दुसरीकडे हलवावा लागतो.

आमच्याकडेही एक गोष्ट राहून गेली. खाते परत आले तरी त्यावरून पैसे देऊन जाहिरात करण्याची परवानगी परत आली नाही. जाहिरातीची व्यवस्था वेगळ्या विभागाकडे असते, तिच्यावरील निर्बंध खात्याच्या बंदीपासून स्वतंत्र असतो आणि तिच्यासाठीची विनंतीही स्वतंत्रच करावी लागते. ती केली, तेव्हा जाहिरातीचे पैसे भरणाऱ्या व्यक्तीची ओळख आणि त्या बँककार्डाची मालकी सिद्ध करण्यास सांगण्यात आले. जुन्या खात्याला जोडलेले कार्ड मामेभावाचे होते, व्यवसायाची नोंदणी मामांच्या नावावर होती आणि मधल्या काळातील एका नव्या खात्याला मामींचे कार्ड जोडले गेले होते, त्यामुळे तीन नावांचा तो गुंता प्रथम सोडवावा लागला. मामांच्या नावाने बँकेत व्यवसायाचे वेगळे चालू खाते उघडले, कार्ड त्याचेच जोडले आणि उद्यम नोंदणीवरील पत्ता व बँकेतील पत्ता एकसारखा करून घेतला. जाहिरातीची परवानगी त्यानंतर, पुढचा हंगाम सुरू होण्याच्या सुमारास मिळाली.